ठेकेदाराच्या पत्रातला ‘गृहीत धरले आहे’ हा भाग कसा वाचायचा?
शाळेच्या वॉल कंपाउंडच्या दुरुस्तीचं एक पत्र, मापांसह

ताईंनो, आपल्यापैकी अनेकजणी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागांवर महिला असाव्या लागतात. म्हणजे शाळेच्या कामाचा कागद आपल्यासमोर येणारच. बैठकीत मुख्याध्यापक सर कागद वाचतात, शेवटचा आकडा सांगतात आणि मग सह्या होतात. आकडा मोठा वाटला तर “थोडं कमी करा ना” एवढंच आपण म्हणतो.

पण लहान ठेकेदाराच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आकडा नसते. ती असते खाली बारीक अक्षरात लिहिलेली ‘गृहीतके’. काय बरोबर आहे असं धरून त्याने हिशोब केला, ते तिथे लिहिलेलं असतं. धरलेली गोष्ट चुकली तर वरचा सगळा हिशोब चुकतो, आणि तेव्हा अर्धी भिंत बांधून झालेली असते.

आज एक पत्र घेऊन बसू. पत्र धड्यासाठी तयार केलं आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या कुठल्याही गावात असं पत्र येऊ शकतं. दर मुद्दाम गाळले आहेत. विटा, रेती, सिमेंटचे भाव तालुक्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात. माप मात्र बदलत नाही, ते आपण टेप धरून स्वतः तपासू शकतो.

पत्र असं आहे

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्याध्यापक,
शाळा व्यवस्थापन समिती, जि. प. प्राथमिक शाळा

विषय : शाळेच्या वॉल कंपाउंडची दुरुस्ती, परिमाणे सादर करणेबाबत.

महोदय, आपल्या सूचनेनुसार जागेची पाहणी केली. कामाची परिमाणे खालीलप्रमाणे :

१) पडलेल्या भागाचा मलबा काढणे, विटा साफ करून रचणे : ४० फूट लांबी.
२) ९ इंची वीटकाम, १:६ सिमेंट माल : ४० फूट × ५ फूट × पाऊण फूट = १५० घनफूट (१.५ ब्रास).
३) विटा : एकूण २,१००. पैकी जुन्या १,२६०, नवीन ८४०.
४) वीटकामासाठी सिमेंट : ६ पोती.
५) झुकलेला भाग २० फूट : तडे भरून दोन्ही बाजूंनी प्लास्टर, २०० चौ. फूट.
६) नवीन भिंतीला दोन्ही बाजूंनी प्लास्टर ४०० चौ. फूट. जुन्या भिंतीचे आतील प्लास्टर (६० फूट लांबी) ३०० चौ. फूट.

गृहीतके :
अ) जुना पाया मजबूत आहे असे गृहीत धरले आहे.
आ) पडलेल्या भिंतीतील ६० टक्के विटा पुन्हा वापरता येतील.
इ) झुकलेला भाग स्थिर आहे.
ई) पाणी शाळेकडून पुरविण्यात येईल.
उ) खोदकाम व पाण्याचा निचरा यात धरलेला नाही. जादा काम निघाल्यास वेगळा आकार पडेल.

पत्र वाईट नाही. उलट, बरं आहे. या ठेकेदाराने काय धरलं ते निदान लिहून तरी दिलं. कितीतरी जण फक्त ‘वॉल कंपाउंड दुरुस्ती, एकमुस्त’ एवढंच लिहून आकडा टाकतात. तसं पत्र आलं तर आधी परिमाणं आणि गृहीतकं लिहून मागायची.

आधी माप जुळवून पाहू

पहिला प्रश्न : ४० फूट आले कुठून? भिंत पडते तेव्हा खिंडार सरळ रेषेत पडत नाही. वरच्या बाजूला ते रुंद असतं, खाली अरुंद. आपल्या उदाहरणात वर टेप धरला तर ४४ फूट आणि जमिनीजवळ ३६ फूट भरतात. दोन्हींची बेरीज ८०, तिचा अर्धा ४०. म्हणजे ठेकेदाराने सरासरी घेतली आहे आणि ती बरोबर आहे. फक्त वरचंच माप घेतलं असतं तर ४ फूट भिंत कागदावर जास्त बसली असती.

एक मात्र पाहायचं. खिंडाराच्या दोन्ही कडांच्या विटा हाताने हलतात का? हलत असतील तर तेवढा भाग काढूनच नवीन जोड घ्यावा लागतो. तेव्हा टेप पक्क्या विटेपासून पक्क्या विटेपर्यंत धरायचा.

दुसरा प्रश्न : वीटकाम. लांबी ४०, उंची ५, जाडी ९ इंच म्हणजे पाऊण फूट. ४० गुणिले ५ म्हणजे २००, त्याचे पाऊण १५०. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून दीड ब्रास. इथे एक सांभाळायचं. वीटकाम, रेती, मुरूम यांचा ब्रास १०० घनफुटांचा, पण प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो. ‘ब्रास’ एवढाच शब्द दिसला तर घन की चौरस ते विचारून घ्यायचं.

तिसरा प्रश्न : विटा. नऊ इंची भिंतीच्या एका चौरस फुटाला आपल्याकडच्या नेहमीच्या विटा साधारण १० लागतात. आपली भिंत ४० × ५ = २०० चौरस फूट, म्हणून २,००० विटा. तुटफूट म्हणून शेकडा ५ धरल्या तर १०० आणखी. एकूण २,१००. बरोबर आहे. विटेचा आकार लहानमोठा असेल तर हा आकडा थोडा सरकेल, पण कोणी ३,००० लिहिल्या तर आपण लगेच विचारू शकतो.

चौथा : सिमेंट. १:६ माल म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग रेती. या मालात एक ब्रास वीटकामाला साधारण पावणेचार पोती लागतात. दीड ब्रासला साडेपाचच्या वर, म्हणून ६ पोती ठीक आहेत. काम चालू असताना तपासायचं असेल तर एक पोतं घमेल्याने मोजून किती घमेली भरतात ते पाहायचं आणि त्याच घमेल्याने सहापट रेती पडते का ते मोजायचं. मिस्त्रीने रेती फावड्याच्या अंदाजाने टाकली तर १:६ चं १:९ कधी झालं ते कळतही नाही.

म्हणजे मापं जुळली. आपण इथेच थांबून सही केली असती. आता खाली उतरू.

गृहीतक अ : ‘जुना पाया मजबूत आहे’

भिंत वर चांगली होती तर पडली का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला शेतात माहीत आहे. पावसात ती फुगते. उन्हाळ्यात सुकून आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जे कपाशीच्या वावरात होतं तेच भिंतीच्या पायाखाली होतं. पाया उथळ असेल तर माती दरवर्षी त्याला वर उचलते आणि पुन्हा खाली सोडते. वीटकाम वाकत नाही, म्हणून ते तडकतं. पुढे त्या तड्यांत पाणी मुरतं आणि एखाद्या जोराच्या पावसात भिंत बसते. २२ जुलै २०२३ ची अतिवृष्टी आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना आठवत असेल. अशा दिवशी आधीच कमजोर झालेलं बांधकाम तग धरत नाही.

कारण ओळखायला पडलेली भिंतच बघायची. पायाच्या वरून भिंत मोडून आडवी झाली असेल आणि खालचा पाया सरळ, सपाट राहिला असेल तर दोष बहुतेक पाण्याच्या किंवा मातीच्या दाबाचा असतो. पायाच वाकडा झाला असेल, एका बाजूला खचला असेल किंवा उभ्या भिंतीतले तडे वर रुंद आणि खाली बारीक होत गेले असतील, तर पाया हललेला आहे. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर तो फक्त वरच्या थराचा दोष, त्याने भिंत पडत नाही.

मग खात्री कशी करायची? पडलेल्या भागाच्या पायालगत दोन ठिकाणी दोन बाय दोन फुटांचे खड्डे घ्यायचे. झुकलेल्या भिंतीजवळ खोदायचं नाही, तिथे धोका आहे. पायाचा तळ दिसेपर्यंत खणायचं, पण पायाच्या खालून माती कोरायची नाही. मग पाहायचं की पाया किती खोल आहे आणि तो कशावर टेकला आहे. खड्ड्याच्या दूरच्या बाजूला आणखी खणून मुरूम कुठे लागतो तेही पाहायचं.

आपल्या उदाहरणात पाया फक्त दीड फूट खोल निघाला. त्याच्याखाली काळी मातीच आहे, मुरूम तीन फुटांवर लागतो. म्हणजे गृहीतक ‘अ’ चुकलं. आता नवीन पाया मुरमापर्यंत न्यायचा तर ४० फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट खोल खोदकाम होतं : २४० घनफूट. ते पुन्हा दगड किंवा काँक्रीटने बांधून काढायचं. वरचं सगळं वीटकाम १५० घनफूट होतं. म्हणजे पत्रात जे काम लिहिलंच नाही, ते लिहिलेल्या वीटकामापेक्षा मोठं निघालं. जुन्या पायावर नवी भिंत उभी केली असती तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच झालं असतं, आणि पैसे खर्च होऊन गेलेले असते.

प्रत्येक गावात मुरूम तीन फुटांवर लागेल असं नाही. नदीकाठच्या गावात सात-आठ फूट काळीच माती असते. तिथे एवढं खोल खोदणं परवडत नाही. अशा ठिकाणी थोड्या थोड्या अंतरावर खोल पिलर घेऊन त्यांवर बीम टाकतात, किंवा जड भिंत सोडून खांब आणि तारेची जाळी लावतात. कायद्यातही शाळेच्या सुरक्षेसाठी भिंत किंवा कुंपण, दोन्ही चालतं. यातलं काय घ्यायचं आणि पाया किती खोल ठेवायचा हे अभियंत्याने खड्डा बघून ठरवायचं. आपलं काम खड्डा घेऊन ठेवणं आणि तो बुजवण्याआधी त्यांना दाखवणं.

गृहीतक आ : ‘६० टक्के विटा वापरता येतील’

६० टक्के म्हणजे १,२६० विटा. हे मलब्यावर उभं राहून नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. जुनी भिंत मातीत किंवा चुन्यात बांधलेली असेल तर विटा सहज सुटतात. सिमेंटमध्ये बांधलेली असेल तर माल विटेला घट्ट धरून बसतो आणि साफ करताना वीटच फुटते.

म्हणून मोजून पाहायचं. ढिगाऱ्याच्या तीन वेगवेगळ्या जागांवरून १०० विटा उचलायच्या, छिन्नीने साफ करायच्या आणि अख्ख्या किती उरल्या ते मोजायचं. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा नखाने भुगा निघाला तर ती वीट बाजूला.

आपल्या उदाहरणात १०० पैकी ३० टिकल्या. २,१०० च्या ३० टक्के म्हणजे ६३०. मग नवीन विटा ८४० नाही, १,४७० लागतील. फरक ६३० विटांचा. तुमच्या गावचा विटेचा भाव त्याला गुणा म्हणजे ‘जादा काम’ किती रुपयांचं निघालं असतं ते कळेल. ही चाचणी दोघी-तिघींनी अर्ध्या दिवसात होते.

गृहीतक इ : ‘झुकलेला भाग स्थिर आहे’

पैशापेक्षा हे गृहीतक जास्त जड आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात मजुरांच्या पत्र्याच्या घरांवर कोसळली. झोपेतच १५ जण गेले. भिंत पडायला वेळ लागत नाही. शाळेच्या भिंतीजवळ तर पोरं खेळतात, सावलीला बसतात.

झुकाव मोजायला ओळंबा पुरतो. नसेल तर दोरीला दगड बांधा. भिंत ज्या बाजूला कलली आहे त्या बाजूने, वरच्या कडेला दोरी टेकवून दगड सोडायचा. दगड स्थिर झाला की खाली दोरी आणि भिंत यांच्यात किती अंतर राहतं ते पट्टीने मोजायचं. मोजताना कोणी भिंतीला हात लावायचा नाही, आणि पाऊस चालू असेल तर जवळच जायचं नाही.

आपल्या भिंतीत अंतर दोन इंच निघालं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तर अडीच इंच. म्हणजे भिंत अजून चालते आहे, स्थिर नाही. प्लास्टर करून ती सरळ होत नाही. तडे झाकले जातात आणि झुकाव कळणंच बंद होतं. म्हणून पाचव्या ओळीतलं २०० चौरस फूट प्लास्टर या भिंतीवर करायचंच नाही. तो भाग वरून एकेक थर काढत उतरवायचा आणि नव्याने बांधायचा. दोर लावून ओढून पाडायचा नाही. २० × ५ × पाऊण म्हणजे ७५ घनफूट, पाऊण ब्रास वीटकाम वाढलं. हे काम होईपर्यंत भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सात-आठ फुटांवर दोरी बांधून मुलांना तिकडे जाऊ द्यायचं नाही. हे आजच करायचं, मंजुरीची वाट न बघता.

गृहीतक ई आणि उ : पाणी हवं ते आणि नको ते

‘पाणी शाळेकडून’ असं लिहायला सोपं. पण काम निघतं उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि तेव्हा गावात हंडाभर पाण्याची मारामार असते. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर माल भुसभुशीत राहतो, नखाने खरवडला जातो. पाणी कुणाचं, टँकर लागला तर पैसे कुणाचे आणि सात दिवस मारणार कोण, हे पत्रात लिहून घ्यायचं.

दुसरं पाणी पावसाचं. शाळेचं आवार रस्त्यापेक्षा उंच असेल तर सगळं पाणी भिंतीपाशी येऊन तुंबतं. ते भिंतीला ढकलतं आणि पायाची माती भिजवतं. त्यासाठी आतल्या जमिनीच्या पातळीवर दर सहा फुटांवर तीन इंची पाइपचा तुकडा भिंतीत बसवतात, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. ६० फुटांच्या नव्या भिंतीत असे साधारण १० तुकडे. खर्च थोडा, पण पत्रात नसेल तर मिस्त्री बसवणार नाही, आणि भिंत झाल्यावर भोकं पाडणं कठीण.

पत्र बदलून कसं मागायचं

आता ठेकेदाराला बोलावून भांडायचं नाही. त्याला खड्डे, विटांची चाचणी आणि ओळंब्याचं माप दाखवायचं आणि म्हणायचं, “भाऊ, हे धरून पत्र पुन्हा द्या.” नवीन पत्रात मापं अशी येतील : पाया खोदकाम ६० × २ × ३ = ३६० घनफूट, वीटकाम ६० × ५ × पाऊण = २२५ घनफूट म्हणजे सव्वा दोन ब्रास. विटा ३,१५०. झुकलेला भाग नवीन झाल्यावर त्यालाही प्लास्टर लागेलच, म्हणून नव्या भिंतीचं प्लास्टर ६०० चौरस फूट.

गृहीतकं पुसून टाकायची नाहीत. काही गोष्टी खोदल्याशिवाय कुणालाच कळत नाहीत, ठेकेदारालाही नाही. फक्त प्रत्येक गृहीतकापुढे तीन गोष्टी लिहून मागायच्या : ते कोण तपासणार, कधी तपासणार, आणि चुकलं तर कोणत्या दराने काम होणार. उदाहरणार्थ :

“पाया ३ फुटांवर मुरमात टेकेल असे धरले आहे. खोदकाम झाल्यावर काँक्रीट टाकण्यापूर्वी अभियंता व समितीचे दोन सदस्य पाहणी करतील. जादा खोली लागल्यास प्रति घनफूट ठरलेल्या दराने मोजमाप करून देयक होईल.”

‘वेगळा आकार पडेल’ आणि ‘ठरलेल्या दराने मोजमाप होईल’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात काम अडकल्यावर भाव ठरतो, आणि तेव्हा आपला हात दगडाखाली असतो.

आकडा अर्थातच वाढेल. समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर मिळतं. शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला ते २५ हजारांच्या वर जात नाही, आणि त्यातच वर्षभराचा बाकी खर्चही असतो. त्यात ६० फूट भिंत पायासकट बसणं अवघड आहे. मग जुन्या पायावर अर्धवट भिंत उभी करण्यापेक्षा झुकलेला भाग आत्ता उतरवून घ्यावा, तिथे तात्पुरतं कुंपण करावं आणि खऱ्या मापांचं पत्र घेऊन ग्रामपंचायतीकडे व पंचायत समितीकडे मागणी करावी. मागणीसोबत खड्ड्याचा, ओळंब्याचा फोटो आणि मोजलेल्या तारखा जोडाव्यात.

पुढच्या बैठकीआधी करून पाहा

चौघीजणींनी टेप, दोरी आणि वही घेऊन शाळेत जा. भिंतीला एक फेरी मारा. पडलेला, झुकलेला आणि फक्त प्लास्टर गेलेला भाग वेगवेगळा मोजून लिहा. झुकलेल्या जागी ओळंब्याचं अंतर आणि तारीख लिहा, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. पाऊस पडून गेल्यावर पाणी भिंतीच्या कोणत्या बाजूला साचतं ते पाहून ठेवा. वही समितीच्या बैठकीत घेऊन जा. ठेकेदाराचं पत्र येईल तेव्हा ते या वहीशी ताडून बघायचं.